कल्याण मटका ते एका मिनिटाचा ट्रेड: आकडा नेमका येतो कुठून?

हा भाग तुम्ही कल्याण-सीएसएमटी लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल, तर आधी तुमच्या शहरावरचा एक जुना डाग पुसून टाकू. 'कल्याण मटका' आणि कल्याण शहर यांचा काहीही संबंध नाही. ते नाव आलं कल्याणजी भगत या माणसावरून. ते मूळचे कच्छचे, मुंबईत वरळीला त्यांचं किराणा दुकान होतं. १९६२च्या सुमारास त्यांनी वरळीत जो आकड्यांचा खेळ सुरू केला, तो त्यांच्या नावाने ओळखला गेला. बिचारं कल्याण स्टेशन उगाच बदनाम झालं.

आज ज्याबद्दल बोलायचंय ती गोष्ट मात्र खरोखर कल्याण, डोंबिवली आणि ठाण्यातल्या मोबाइलमध्ये आहे. बायनरी ऑप्शनची अॅप्स आणि टेलिग्रामवरचे 'फॉरेक्स सिग्नल' ग्रुप. स्क्रीनवर एक हलती रेघ असते. पुढच्या एका मिनिटात ती वर जाणार की खाली, एवढंच सांगायचं. बरोबर आलं तर लावलेल्या पैशांवर ८० टक्के नफा, चुकलं तर लावलेले सगळे गेले. याला तिथे 'ट्रेडिंग' म्हणतात.

हा जुगार आहे की गुंतवणूक, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद होतो. आपण वाद घालायला नको. मुंबईला अशा खेळांचा सव्वाशे वर्षांहून जास्त अनुभव आहे. त्या अनुभवातून तीन साधे प्रश्न निघतात. आकडा येतो कुठून? तुमच्या समोर पैसे लावून कोण बसलंय? आणि पैसे आहेत कोणाच्या हातात? या तीन प्रश्नांच्या मागे मागे जाऊया.

पावसावरचा सट्टा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत पावसावर पैसे लागायचे. 'बरसात का सट्टा'. आज पाऊस पडेल का, ठरलेल्या वेळेत पन्हळीतून पाणी वाहील का, यावर पैजा. पोलिसांनी लोकांना पकडलं, पण प्रकरण १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे अडचण झाली. १८८७चा मुंबईचा जुगारबंदी कायदा फासे, पत्ते अशा साधनांच्या हिशेबाने लिहिलेला. पाऊस मोजायची पेटी ही काय जुगाराची साधनं म्हणायची का? त्या कायद्यात हा सट्टा बसेना. मग १८९० मध्ये कायदाच बदलला आणि अशा पैजाही त्यात आणल्या.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाच्या सट्ट्यात कितीही वाईट असलं, तरी पाऊस सट्टेवाल्याच्या हातात नव्हता. आकडा आकाशातून यायचा. खेळणारा आणि खेळवणारा दोघेही वर बघत बसायचे.

न्यूयॉर्कचा कापूस, वरळीचा माठ

पुढच्या पिढीचा खेळ म्हणजे 'आकडा'. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी भाव कितीला उघडला आणि संध्याकाळी कितीला बंद झाला, हे मुंबईला टेलिप्रिंटरवर कळायचं. त्या भावावर इथे पैसे लागायचे. आजही मटक्यात 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आहेत, ते तिथून आलेत. विचार करा, गिरणगावातल्या ज्या माणसाने न्यूयॉर्क नकाशावरसुद्धा पाहिलं नव्हतं, तो तिथल्या भावावर आठ आणे लावत होता. त्याला कापूस विकायचा नव्हता, घ्यायचाही नव्हता. कापूस फक्त आकडा काढायचं यंत्र होता.

१९६१च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे ते आकडे बंद झाले. आता धंदा बसणार, असं कोणालाही वाटलं असतं. बसला नाही. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या माठात टाकायच्या आणि एक काढायची, अशी पद्धत आली. माठ म्हणजेच मटका. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी 'न्यू वरळी मटका' सुरू केला. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे त्या वेळचा आकडा.

आजच्या भागाचा कणा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. बाहेरून येणारा आकडा बंद झाला आणि खेळवणाऱ्याने स्वतःच्या घरात आकडा बनवायला सुरुवात केली. खेळणाऱ्याला फरक जाणवला नाही, कारण त्याच्यासाठी आकडा तो आकडाच. पण आता खेळवणाऱ्याला आधी माहीत असू शकत होतं, की कोणत्या अंकावर सगळ्यात कमी पैसे लागलेत. मटक्यात तोच अंक 'निघतो', अशी कुजबुज वर्षानुवर्षं होती. ती प्रत्येक दिवशी खरी होती का, हा मुद्दा नाही. तसं करणं शक्य झालं, हा मुद्दा आहे.

रविवारी बाजार उघडा कसा?

आता मोबाइल उघडा. बायनरी अॅपवर युरो-डॉलरची जोडी दिसते. परकीय चलनाचा जागतिक बाजार शनिवारी आपल्याकडे पहाट होण्याआधी बंद होतो, आणि सोमवारी पहाटे पुन्हा सुरू होतो. मग रविवारी दुपारी अॅपवर रेघ हलते कशी? नीट बघा, नावापुढे तीन अक्षरं जोडलेली असतात: EUR/USD (OTC).

ओटीसी म्हणजे 'ओव्हर द काउंटर'. बँकांच्या जगात याचा अर्थ दोन पक्षांनी बाजाराबाहेर थेट केलेला व्यवहार, आणि तो शब्द तिथे प्रतिष्ठित आहे. या अॅपवर मात्र त्याचा अर्थ असा, की ही किंमत प्लॅटफॉर्म स्वतः तयार करतोय. त्या क्षणी जगात कुठेही त्या भावाला कोणी युरो घेत नाहीये की विकत नाहीये. न्यूयॉर्कचा टेलिप्रिंटर बंद पडला तेव्हा माठ आला. शुक्रवारी रात्री बाजार बंद पडतो तेव्हा ओटीसी येतो.

आणि सोमवार ते शुक्रवारचं काय? तेव्हा रेघ खऱ्या बाजाराच्या जवळपास चालते. पण एका मिनिटाच्या पैजेत निकाल भावाच्या चौथ्या-पाचव्या दशांश स्थळावर लागतो. तिथे एवढासा फरक पुरतो. मिनिट संपताना स्क्रीनवर कोणता आकडा होता, हे ठरवणारा सर्व्हर त्यांचा. तुमच्याकडे ताडून बघायला दुसरं काही नाही.

समोर कोण बसलंय? 'डब्बा'

दुसरा प्रश्न. शेअर बाजारात तुम्ही एक शेअर घेता तेव्हा दुसरा कोणीतरी तो विकत असतो. ब्रोकर मधला माणूस. तुम्ही जिंका की हरा, त्याला दलाली मिळते. बायनरी अॅपमध्ये समोर दुसरा खेळाडू नसतो. समोर अॅपच असतं. तुमचे गेलेले शंभर रुपये त्याचे आलेले शंभर रुपये.

हीसुद्धा नवीन कल्पना नाही. अमेरिकेत १८८०च्या आसपास तारेवरून येणारे भाव फळ्यावर लिहून ठेवणारी छोटी दुकानं निघाली. त्यांना 'बकेट शॉप' म्हणायचे. ग्राहक म्हणायचा, अमुक शेअर घे. दुकानदार चिठ्ठी फाडून द्यायचा, पण बाजारात काहीच घ्यायचा नाही. ग्राहक हरेल यावरच दुकान चालायचं. १९०५ मध्ये शिकागोच्या धान्यबाजाराने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात असा निकाल मिळवला, की भाव ही बाजाराची मालमत्ता आहे आणि या दुकानांना तो देणं बाजार नाकारू शकतो. भावाची तार तुटली, तशी दुकानांना घरघर लागली.

आपल्याकडे याच प्रकाराला 'डब्बा ट्रेडिंग' म्हणतात. सौदा बाजारात जातच नाही, दलालाच्या डब्यात राहतो. तो बेकायदेशीर आहे. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी कांदिवलीत असा एक डब्बा पकडला, तेव्हा काही महिन्यांतली उलाढाल हजारो कोटींची असल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. बायनरी अॅप म्हणजे खिशात मावणारा डब्बा. फरक एवढाच की डब्बेवाल्याला निदान खरा भाव लागायचा. इथे तीही गरज उरलेली नाही.

आता हिशेब करू

हिशेब सोपा आहे, फोनवर कॅल्क्युलेटर उघडायचीही गरज नाही. समजा तुम्ही शंभर वेळा शंभर-शंभर रुपये लावले. सगळं प्रामाणिक आहे असं धरू, आणि रेघ वर जाणं किंवा खाली जाणं म्हणजे नाणेफेक. पन्नास वेळा जिंकलात, प्रत्येकी ८० रुपये, म्हणजे ४,००० आले. पन्नास वेळा हरलात, प्रत्येकी १००, म्हणजे ५,००० गेले. एकूण १०,००० रुपये फिरवले आणि १,००० गमावले. दर शंभराला दहा रुपये.

आता जुना मटका घ्या. दहा अंकांपैकी एकावर पैसे लावायचे, आला तर नऊपट. दहाही अंकांवर शंभर-शंभर लावलेत, तर हजार गेले आणि नऊशे परत आले. दर शंभराला दहा रुपये! वरळीचा माठ आणि तुमच्या फोनमधलं अॅप, दोघांचा कट अगदी सारखा.

मग फरक कशात? वेगात. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा निघायचा, ओपन आणि क्लोज. अॅपवर दर मिनिटाला निघतो. समजा डोंबिवलीचा एक मुलगा १०,००० रुपये टाकून बसला. सीएसएमटीपर्यंतच्या तासाभराच्या प्रवासात तो ५००च्या ४० पैजा लावतो. फिरले २०,०००, आणि सरासरीने गेले २,०००. म्हणजे साधारण पाच फेऱ्यांत खातं रिकामं. यात कोणी एक पैशाचीही फसवणूक केलेली नाही. नुसता खेळाचा नियमच असा आहे. टिकायचं तर शंभरात किमान ५६ वेळा बरोबर यायला हवं, आणि तेही एका मिनिटाच्या रेघेवर.

इथे ग्रुपमधला 'सर' सांगतो, हरलास तर पुढच्या वेळी डबल लाव, सगळं वसूल होतं. करून बघू. ५०० गेले. मग १,००० लावले आणि जिंकलो, ८०० आले, ३०० फायदा. छान. दोनदा हरलो तर १,५०० गेले, २,००० लावले, जिंकलो, १,६०० आले. फायदा १००. तीनदा हरलो तर ३,५०० गेले, ४,००० लावले, जिंकलो, ३,२०० आले. अरेच्चा! जिंकूनही ३०० तोटा. शंभराला शंभर मिळत नाहीत, ८० मिळतात, म्हणून दुप्पट करून वसुली होतच नाही. आणि चौथ्यांदाही हरलो तर १०,००० पैकी ७,५०० गेलेले असतात, पुढचे ८,००० लावायला पैसेच नसतात. सलग चार वेळा हरणं काही दुर्मीळ नाही. नाणेफेकीत दर सोळा वेळांतून एकदा ते होतं.

'सर'ला पैसे कुठून मिळतात?

सिग्नल देणाऱ्याला खरंच कळत असेल, तर तो स्वतःच का नाही खेळत? हा प्रश्न सगळ्यांना पडतो, पण त्याचं नेमकं उत्तर थोड्यांना माहीत असतं. अनेक प्लॅटफॉर्मच्या अॅफिलिएट योजना असतात. 'सर'च्या लिंकवरून तुम्ही खातं उघडलंत, की तुम्ही जे गमावता त्यातला ठरलेला हिस्सा त्याला जातो. म्हणून लिंक 'फक्त माझीच' वापर, असा आग्रह असतो. जुन्या मटक्यातही नाक्यावरचा बुकी कमिशनवरच असायचा. पण तो स्वतःला तुमचा गुरू म्हणवत नव्हता.

मग त्याचे पाचच्या पाच सिग्नल बरोबर कसे आले? तेही सांगतो. समजा ६,४०० जणांचे नंबर आहेत. अर्ध्यांना 'वर' पाठवा, अर्ध्यांना 'खाली'. ३,२०० जणांना बरोबर सिग्नल मिळाला. चुकलेल्यांना सोडून द्या. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. १,६००, मग ८००, मग ४००, मग २००. पाच सिग्नलनंतर असे २०० लोक उरतात ज्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूस एकदाही चुकलेला नाही. फी त्यांच्याकडे मागायची. ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी खरंच पाहिलंय. म्हणून मित्राचा अनुभव हा इथे पुरावा होत नाही.

२०१६: एक खोली तेल अवीवला, एक मीरा रोडला

बायनरी ऑप्शनला काही काळ प्रतिष्ठाही होती. २००८ मध्ये अमेरिकेत ते अधिकृत बाजारांवर आले. पण इंटरनेटवरचा खरा मोठा धंदा उभा राहिला इस्रायलमध्ये, फोनवरून विक्री करणाऱ्या कंपन्यांचा. २०१६ मध्ये तिथल्या 'टाइम्स ऑफ इस्रायल'ने तो उघडा पाडला. २०१७ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यावर बंदी घातली. २०१८ मध्ये युरोपीय महासंघाने, २०१९ मध्ये ब्रिटनने आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने सर्वसामान्य ग्राहकांना ते विकायला मनाई केली.

त्यातला एक खटला समजून घेण्यासारखा आहे. युकॉम नावाच्या कंपनीची प्रमुख ली एल्बाझ हिला २०१९ मध्ये अमेरिकेत दोषी ठरवून २२ वर्षांची शिक्षा झाली. तिचे कर्मचारी इस्रायलमध्ये बसून खोटी नावं सांगायचे, दुसऱ्याच देशातून बोलतोय म्हणायचे, अनुभव खोटा सांगायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'तुम्ही कमावलंत तरच आम्ही कमावतो' असं सांगायचे. खरं उलट होतं, ग्राहक हरला की कंपनीचा फायदा. ही शिक्षा ग्राहक हरला म्हणून झाली नाही. समोर कोण बसलंय हे लपवलं म्हणून झाली.

त्याच २०१६च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापा टाकला. सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं. तिथून अमेरिकेत फोन करून 'तुमचा कर थकलाय' असं घाबरवून पैसे काढले जात होते. थाप वेगळी, पण खोली तीच. हातात लिहिलेली संहिता, खोटं इंग्रजी नाव आणि महिन्याचं टार्गेट. मी हे सांगतोय ते यासाठी, की तुम्हाला येणारा 'अकाउंट मॅनेजर'चा आवाज हा बाजाराचा जाणकार असेलच असं नाही. तो तुमच्याच वयाचा, समोरच्या कागदावरून वाचणारा मुलगा असू शकतो.

पुण्यातली एक तक्रार

आपल्याकडचं मोठं प्रकरण म्हणजे ऑक्टाएफएक्स. हे बायनरीचं नाही, फॉरेक्स ट्रेडिंगचं अॅप. जाहिरात एवढी, की आयपीएलमधल्या एका संघाच्या प्रायोजकांत त्याचं नाव होतं. पुण्याच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्यावरून अंमलबजावणी संचालनालयाने, म्हणजे ईडीने, तपास सुरू केला. ईडीच्या म्हणण्यानुसार जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या नऊ महिन्यांत भारतीय ग्राहकांकडून सुमारे १,८७५ कोटी रुपये घेतले गेले. भावाचे आलेख फिरवून दाखवले जात होते, आणि नवीन ग्राहक आणणाऱ्यांना कमिशन होतं, असाही आरोप आहे. परदेशातल्या मालमत्तेवर टाच आली. हे सगळे तपास यंत्रणेचे आरोप आहेत, अंतिम निकाल नव्हे.

पण आपले तीन प्रश्न लावून बघा. आकडा कुठून? आरोप आलेख फिरवल्याचा. समोर कोण? ग्राहकाचा तोटा कोणाकडे जातो, हाच तपासाचा विषय. पैसे कोणाकडे? इथे तिसऱ्या प्रश्नावर येऊ.

पैसे टाकणं सोपं, काढणं...

अॅपमध्ये 'डिपॉझिट' दाबलं की एक यूपीआय आयडी येतो. पुढच्या वेळी दुसरा. नाव बघा, प्लॅटफॉर्मचं नसतं. कोणा अनोळखी माणसाचं किंवा कुठल्याशा 'ट्रेडर्स'चं असतं. ही भाड्याने घेतलेली खाती. म्हणजे तुमचे पैसे 'ब्रोकर'कडे गेलेच नाहीत, तुम्ही एका अनोळखी माणसाला पैसे पाठवलेत. आणि तुम्हाला 'विड्रॉवल' म्हणून जे मिळतात ते दुसऱ्याच कोणी फसलेल्याचे असू शकतात. त्याने तक्रार केली, की त्या मार्गातली खाती गोठतात. तुमचं पगाराचं खातंही त्यात येऊ शकतं.

पुढची पायरी बोनसची. ५,००० टाका, ५,००० बोनस घ्या. अट बारीक अक्षरात: समजा बोनसच्या चाळीसपट उलाढाल झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. चाळीसपट म्हणजे दोन लाख. दर शंभराला दहा जातात हे आपण पाहिलंच, म्हणजे दोन लाख फिरवताना सरासरीने २०,००० जायला हवेत. खात्यात आहेतच १०,०००. अट पूर्ण होण्याआधी खातं संपतं.

आणि ज्या प्लॅटफॉर्मवर सगळंच बनावट आहे, तिथे उलट होतं. स्क्रीनवर तुमचे पाच लाख झालेले दिसतात. काढायला गेलात की 'आधी २० टक्के टॅक्स भरा'. भारतात कर असा ट्रेडिंग अॅपच्या खात्यात आगाऊ भरत नाहीत, तो तुम्ही सरकारला भरता. ज्याच्याकडे तुमचे पाच लाख आहेत तो एक लाख कापून चार लाख का देत नाही? कारण ते पाच लाख फक्त पिक्सेल आहेत. मग काही दिवसांनी 'बुडालेले पैसे परत मिळवून देतो' असा फोन येतो. फी आधी. तोही बहुतेकदा त्याच साखळीतला.

इथे मटका आठवतो. तो बेकायदेशीर होता, त्याने कामगारांचे पगार खाल्ले. पण नाक्यावरचा बुकी जिंकलेल्याला पैसे द्यायचा, कारण दुसऱ्या दिवशी त्याला तिथेच बसायचं होतं. अॅपला नाका नाही. ते एका रात्रीत नाव बदलून दुसऱ्या चिन्हाखाली परत येतं.

कायदा काय म्हणतो, आणि ओळखायचं कसं

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची 'अलर्ट लिस्ट' काढली. पहिल्याच यादीत ३४ नावं होती. बिनोमो, ऑलिंप ट्रेड, आयक्यू ऑप्शन, एक्स्पर्ट ऑप्शन, ऑक्टाएफएक्स ही त्यातलीच. यादी पुढे वाढत गेली. पण बँकेने स्वतःच सांगितलंय, की यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नका.

'मग कायदेशीर फॉरेक्स कुठे?' असं विचाराल. एनएसईसारख्या मान्यताप्राप्त बाजारात २००८ पासून चलनाचे वायदे होतात. पण मे २०२४ पासून स्पष्ट आहे, की तिथेही व्यवहाराला खऱ्या परकीय चलनाच्या जोखमीचा आधार हवा, उदाहरणार्थ आयात-निर्यातीचा. म्हणजे 'घरबसल्या फॉरेक्समधून रोज कमाई' असं कोणी म्हटलं, तर बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळालं. आणि कायदेशीर बाजार म्हणजे फायद्याची हमी, असंही नाही. सेबीच्या अभ्यासात शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वैयक्तिक खेळाडूंपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तिथे फक्त आकडा खरा असतो आणि जिंकलेले पैसे मिळतात.

तुमच्या किंवा मित्राच्या फोनवर असं अॅप असेल, तर दोन गोष्टी बघा. रविवारी दुपारी ते उघडा, रेघ हलतेय का? आणि पैसे टाकताना यूपीआयवर कोणाचं नाव येतं? सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरसाठी ऑक्टोबर २०२५ पासून `@valid` असलेले वेगळे यूपीआय आयडी आले आहेत. या दोन तपासण्यांना पाच मिनिटं लागतात.

पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करा, किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. 'लगेच' म्हणजे त्याच तासात. पैसे भाड्याच्या खात्यातून पुढच्या खात्यात, मग तिथून रोख किंवा क्रिप्टोमध्ये जातात. ते खात्यात असेपर्यंतच बँक थांबवू शकते. व्यवहाराचे यूटीआर क्रमांक, यूपीआय आयडी आणि ग्रुपच्या चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण तक्रार केल्याचं कळलं की ग्रुप गायब होतो. बरेच जण तक्रार करत नाहीत, कारण 'हे बेकायदेशीर होतं, मीच अडकेन' ही भीती. परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मवर चलनाचा व्यवहार केला तर ग्राहकावरही फेमाखाली कारवाई होऊ शकते, हे खरं आहे. ग्रुपमधले 'सर' नेमकी हीच भीती घालून लोकांना गप्प बसवतात. पण गप्प बसल्याने तो धोका जात नाही, पैसे मात्र जातात.

आजचा भाग इथपर्यंत. पुढच्या भागात दुसरी कुठली तरी जुनी वही उघडू. तोवर हा भाग ग्रुपमधल्या त्या एका मित्राला पाठवा. कोण ते तुम्हाला माहीत आहे.